कूलर दुरुस्तीबद्दल लोक काय म्हणून राहिले: जसं आलं तसं

आधी आमचं ऐका

नागपुरात कूलरवाल्यांची कमी नाही. मार्च लागला की चौकाचौकात गवताच्या ताट्या घेऊन ठेले उभे राहतात. तेव्हा आम्हीच 'उत्कृष्ट सेवा, नंबर वन' असं लिहिलं तर तुम्ही हसाल, आणि बरोबरच हसाल. पुढच्या कार्डांवर आहे ते लोकांनी आम्हाला व्हॉट्सॲपवर लिहिलेलं आहे. वाक्य गाळलं तिथे टिंबं दिली, शब्द बदलला नाही. नावाऐवजी वस्ती टाकली, कारण बहुतेकांनी तेवढ्यालाच हो म्हटलं. दोन कार्डांवर आमचीच चूक आहे.

मानेवाडा. जुना लोखंडी कूलर.

"मागच्या वर्षीपासून घुरघुर करून राहिला होता. एकाने पाहून सांगितलं, मोटर गेली, नवी टाका, २,२०० रुपये. तुमच्या मुलाने पंखा हाताने फिरवून पाहिला. म्हणाला, काकू, मोटर ठीक आहे, बुश झिजलं. बुश बदललं, तेल दिलं, ३५० घेतले. अजून थोडा आवाज येतो, पण झोप लागते."

*आमच्याकडून:* आवाज राहिला हे खरं. तो मोटरचा नाही, मागचा पत्रा सैल आहे. काकू म्हणाल्या, राहू द्या, पुढच्या वर्षी पाहू.

हुडकेश्वर. पंप बंद.

"म्हटलं नवतप्यात कोन येते बाप्पा. आला पोट्टा, भर दुपारी दोन वाजता. माठातलं पानी पेला आन् कामाले लागला. फोनवर जेवढे सांगतले तेवढेच पैसे घेतले."

त्रिमूर्तीनगर. चारही बाजूंचे पॅड बदलले.

"पाचपैकी तीन तारे. काम चांगलं, वेळ वाईट. बुधवारी सकाळी येतो म्हणाले आणि गुरुवारी संध्याकाळी उगवले. घरात ऐंशी वर्षांची आई. दर तासाला फोन केला की एकच उत्तर, 'निघालोच आहे.' कुठून निघाले होते ते मला अजून कळलं नाही. … पॅड मात्र नीट बसवले, कुठून पाणी गळत नाही. जुनं गवत अंगणात पडलं होतं ते पोत्यात भरून स्वतः घेऊन गेले. हे आधीच्या कुणी केलं नव्हतं."

*आमच्याकडून:* एप्रिलच्या शेवटी आम्ही झेपतील त्यापेक्षा जास्त घरं घेऊन बसलो. 'निघालोच आहे' हे खोटं होतं. आमचा मुलगा तेव्हा जरीपटक्यात दुसऱ्या कूलरच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून बसला होता. आता दिवसाला सहाच घरं घेतो, आणि उशीर होणार असेल तर आम्हीच फोन करतो. हे कार्ड लावू का म्हणून भाऊंना विचारलं. म्हणाले, लावा, पण तारे तीनच दाखवा. चार केलेले दिसले तर खाली येऊन लिहीन.

धरमपेठ. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.

"कूलर लावूनही नुसती चिकचिक. मला वाटलं, मोठा कूलर घ्यावा लागणार. त्यांनी काही न बोलता समोरच्या खोलीची खिडकी उघडली आणि म्हणाले, दहा मिनिटं बसा. बसलो. फरक पडला. त्यांची विक्री बुडाली."

*आमच्याकडून:* कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या पॅडमधून ओढतो. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेते, म्हणून आत येणारा वारा गार लागतो. पण त्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर ओल खोलीतच साचते आणि अंग चिकट होतं. पाऊस लागल्यावर हवा मुळातच दमट असते, तेव्हा आमचाच काय, कुणाचाच कूलर मेसारखा गार करणार नाही. जूनच्या शेवटी 'गार होत नाही' म्हणून फोन आला की आम्ही हे फोनवरच सांगतो. त्यासाठी घरी येऊन व्हिजिटचे पैसे घेत नाही.

महाल. किराणा दुकान, तीन कूलर.

"ठीक. पुन्हा बोलावलं."

*आमच्याकडून:* काही कापलेलं नाही. पूर्ण मेसेज एवढाच होता.

नंदनवन. पंप बदलायला बोलावलं होतं.

"टाकीत पाणी भरताना हाताला झिणझिण्या यायच्या. मी चप्पल घालून भरायची, घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पंप बदलायला आलेल्या दादांना सहज बोलले तर त्यांनी आधी प्लगच काढायला लावला. पंपाच्या वायरचं कव्हर पाण्यात फाटलं होतं. आणि प्लगची वरची जाड पिन कापलेली होती, दोन भोकांच्या सॉकेटमध्ये बसावी म्हणून आमच्याच मिस्त्रीने कापली होती. … वायर आणि प्लग त्यांनी बदलला. घरातल्या अर्थिंगला हात लावला नाही, इलेक्ट्रिशियन बोलवा म्हणाले. तेव्हा राग आला होता, आता पुन्हा कुणाला शोधू म्हणून."

*आमच्याकडून:* ती वरची पिन अर्थिंगची असते. ती कापली की कूलरच्या पत्र्यात उतरलेला करंट तुमच्या हातातून जमिनीत जातो. घराचं वायरिंग आमचं काम नाही, आणि अर्धवट येणारं काम आम्ही करत नाही, त्यावर ताई रागावल्या तरी. पाणी भरायच्या आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

सक्करदरा. हनीकॉम्ब पॅड.

"दोन तारे. मागच्या उन्हाळ्यात बसवले तेव्हा म्हणाले, तीन उन्हाळे पाहायचं काम नाही. या मार्चमध्ये उघडून पाहिलं तर पांढरे फटक आणि पापडासारखे कडक."

*आमच्याकडून:* चूक आमची. पाणी कुठलं वापरता हे विचारलंच नव्हतं. यांच्याकडे बोअर आहे. बोअरच्या पाण्यातला क्षार पॅडवर बसत जातो, भोकं बुजतात, वारा यायचा थांबतो. आम्ही पॅड आमच्या खर्चाने बदलून दिले. ताईंनी तारे वाढवले नाहीत, आम्ही मागितलेही नाहीत. आता जिथे बोअरचं पाणी आहे तिथे आम्ही गवताच्याच ताट्या सांगतो. त्या दर वर्षी बदलायच्याच असतात आणि स्वस्त पडतात.

इथे काय नाही

'नाइस', 'बेस्ट सर्व्हिस' आणि नुसते अंगठे इथे घेतलेले नाहीत. ते खोटे नाहीत, पण वाचून तुम्हाला काय कळणार? आमच्या मेव्हण्याने पाच तारे दिले होते, तेही काढले. त्याच्या घरी एसी आहे.

तुमचं काम झालं असेल तर

कूलरला काय झालं होतं, आम्ही केव्हा येतो म्हटलं आणि केव्हा आलो, पैसे किती घेतले, एवढं लिहून पाठवा. शुद्धलेखन पाहू नका, आम्हीही पाहत नाही. छापायच्या आधी विचारू. नंतर कधीही 'काढा' म्हटलं तर त्याच दिवशी काढू.

काम करून घ्यायचं असेल तर

कूलरचा समोरून एक आणि पंपाचा एक फोटो पाठवा. घरी नळाचं पाणी आहे की बोअरचं, तेही लिहा.