ईईएफ की ओपीए? तुर्भ्याच्या शीतगृहावरचे सराव प्रश्न

प्रकल्प व्यवस्थापनात ईईएफ म्हणजे एंटरप्राइझ एन्व्हायर्नमेंटल फॅक्टर्स, प्रकल्पाभोवतीची परिस्थिती. ओपीए म्हणजे ऑर्गनायझेशनल प्रोसेस ॲसेट्स, कंपनीची स्वतःची कार्यपद्धती आणि ज्ञान. ठाण्यातली एक कंपनी तुर्भे एमआयडीसीत शीतगृह बांधते आहे. मुदत 10 महिने. प्रत्येक प्रश्नाला आधी स्वतः ईईएफ किंवा ओपीए असं लिहा, मगच खालचं उत्तर वाचा.

प्रश्न 1. जुलैतल्या पावसानं पायाच्या खड्ड्यात पाणी साचतं.
ईईएफ, बाहेरचा. यात कुणी चुकत नाही.

प्रश्न 2. ठाणे शहरात अवजड वाहनांना ठरावीक वेळातच प्रवेश, त्यामुळे पॅनेलचा ट्रक अडकतो.
ईईएफ. सरकारी निर्बंध.

प्रश्न 3. कंपनीकडे रेफ्रिजरेशनचे दोनच अभियंते आहेत आणि दोघेही दुसऱ्या प्रकल्पावर.
ईईएफ. सर्वांत जास्त गुण इथे जातात, कारण ‘कंपनीच्या आतलं म्हणजे ओपीए’ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ओपीए नेहमी आतलाच असतो, पण आतलं सगळंच ओपीए नसतं. माणसांची उपलब्धता, कंपनीची रचना, संस्कृती, कार्यालयं कुठे आहेत, ही परिस्थिती झाली. ओपीए म्हणजे कंपनीनं साठवलेली कार्यपद्धती आणि ज्ञान.

प्रश्न 4. वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर, आणि त्यात कंपनीनं भरून ठेवलेला शीतगृहाचा नमुना आराखडा.
एका वाक्यात दोन उत्तरं. सॉफ्टवेअर ईईएफ, आराखडा ओपीए.

प्रश्न 5. इन्सुलेशनचे दर वर्गणी भरून घेतलेल्या व्यावसायिक डेटाबेसमधून काढले. मग मागच्या तीन प्रकल्पांच्या स्वतःच्या खरेदी नोंदींशी ताडले.
डेटाबेस ईईएफ, नोंदी ओपीए. दोन्हीकडे आकडेच आहेत, फरक आहे तो मालकीचा.

प्रश्न 6. नियम असा: 5 लाखांवरच्या बदलाला चेंज कंट्रोल बोर्डाची मंजुरी. प्रत्यक्षात साहेबांनी तोंडी होकार दिला की काम सुरू होतं, फॉर्म नंतर भरतात.
लिहिलेली पद्धत ओपीए, लोकांची सवय ईईएफ. ‘टीमच्या ताब्यात नाही म्हणजे ईईएफ’ एवढ्याच कसोटीवर विसंबलात तर इथे फसाल. हा नियमही टीम परस्पर बदलू शकत नाही, बहुधा पीएमओ, म्हणजे कंपनीचं प्रकल्प व्यवस्थापन कार्यालयच तो बदलतं. तरी तो ओपीएच.

प्रश्न 7. मंजूर पुरवठादारांची कंपनीची यादी.
ओपीए. मात्र त्या पुरवठादारांनी बाजारात टंचाई आहे म्हणून भाव वाढवले, तर ती बाजारस्थिती ईईएफ.

प्रश्न 8. दरवाजाच्या चौकटीतून थंडी गळते. कारण सापडल्यावर ते ‘लेसन्स लर्न्ड रजिस्टर’मध्ये लिहिलं. काम अजून चालू आहे. हे रजिस्टर काय?
दोन्ही नाही! प्रकल्प चालू असेपर्यंत ते प्रकल्पाचं कागदपत्र. प्रकल्प किंवा टप्पा संपताना त्यातला मजकूर कंपनीच्या ज्ञानसाठ्यात जातो, तेव्हा तो ओपीए होतो. पुढच्या शीतगृहाच्या टीमला तो तिथेच मिळेल.