करवंटी कार्बन, नमुना के-१४ : नायट्रोजन अधिशोषणातून पृष्ठीय क्षेत्रफळ व छिद्रमापन

नमुना : नारळाच्या करवंटीचा सक्रिय कार्बन. रबाळे एमआयडीसीतील आपल्या फिल्टर युनिटसाठी आलेल्या मालातून काढलेला. खरेदीची अट : बीईटी क्षेत्रफळ किमान १००० चौ.मी./ग्रॅम.

मापन कसे केले

कार्बनच्या आतल्या भिंती थेट मोजता येत नाहीत. म्हणून त्यांच्यावर नायट्रोजनचे रेणू बसवतात आणि किती बसले ते मोजतात. द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे ७७ केल्विनला, हा वायू भिंतीला चिकटतो, पण रासायनिक बंध करत नाही. नळीत मोजून थोडा थोडा वायू सोडायचा, दाब स्थिरावू द्यायचा आणि जेवढा वायू दाबाच्या हिशेबात सापडत नाही तेवढा नमुन्याने धरला असे मानायचे. नळीतली मोकळी जागा हेलियमने मोजून वजा केली आहे. संपृक्त दाब p0, म्हणजे ज्या दाबाला त्या तापमानाला वायूचा द्रव होतो तो, शेजारच्या वेगळ्या नळीत सतत मोजला. पावसाळ्यात हवेचा दाब खाली-वर होतो, त्यामुळे ७६० मिमी गृहीत धरणे योग्य वाटले नाही.

जूनमधल्या दमट हवेत कार्बनने भरपूर पाणी ओढले होते. निर्वातात ३०० अंश सेल्सियसला सहा तास डीगॅसिंग करून आतले पाणी व वायू काढल्यावर नमुना ०.१२९१ ग्रॅमवरून ०.११२४ ग्रॅमवर आला, म्हणजे जवळजवळ १३ टक्के घट. सगळे आकडे या कोरड्या वजनावर काढले आहेत. ओल्या वजनाने भागले असते तर क्षेत्रफळ तेवढ्याच प्रमाणात कमी दिसले असते.

क्षेत्रफळ

ब्रुनॉवर, एमेट आणि टेलर यांनी १९३८ मध्ये मांडलेले समीकरण वापरले आहे; त्यांच्या आद्याक्षरांवरूनच बीईटी हे नाव. p म्हणजे स्थिरावलेला दाब, p/p0 म्हणजे सापेक्ष दाब, V म्हणजे त्या दाबाला धरलेला वायू, Vm म्हणजे पृष्ठभागावर रेणूंचा एकच थर भरायला लागणारा वायू आणि C म्हणजे पहिला थर भिंतीला किती घट्ट चिकटतो ते दाखवणारा स्थिरांक :

```
p/[V(p0-p)] = 1/(Vm·C) + [(C-1)/(Vm·C)]·(p/p0)
```

सरळ रेषेचा उतार आणि छेद यांवरून Vm मिळतो. एका रेणूने ०.१६२ चौ. नॅनोमीटर जागा व्यापली असे धरले, की Vm वरून क्षेत्रफळ निघते. आपल्या नमुन्यात Vm = २३६ घ.सेमी./ग्रॅम (प्रमाण तापमान व दाबाला), C सुमारे ९०० आणि क्षेत्रफळ १०२७ चौ.मी./ग्रॅम.

ही रेषा ०.०१ ते ०.०५ या सापेक्ष दाबाच्या पट्ट्यात काढली आहे, आणि माल पास होतो की नापास, हे याच निवडीवर ठरते. नेहमीचा ०.०५ ते ०.३० पट्टा त्याच मापनावर लावून पाहिला, तर क्षेत्रफळ सुमारे ८३५ आले. नमुना तोच, वायू तोच, तरी आकडा जवळजवळ दोनशेने खाली! पण त्या रेषेचा छेद ऋण येतो, म्हणजे C ऋण, आणि ऋण C ला भौतिक अर्थ नाही. सूक्ष्म छिद्रे एवढ्या दाबाच्या आधीच भरून गेलेली असतात, ०.०५ च्या पुढे आपण एका थराचे मापन करतच नसतो. म्हणून १०२७ हाच आकडा ग्राह्य धरावा. पुरवठादाराच्या कागदावरच्या आकड्याशी तुलना करण्याआधी त्याचा पट्टा विचारून घ्यावा. पट्टा माहीत नसेल तर तुलना करू नये.

छिद्रे

सापेक्ष दाब ०.९९ ला धरलेला वायू ३३० घ.सेमी./ग्रॅम, म्हणजे एकूण छिद्र आकारमान ०.५१ घ.सेमी./ग्रॅम. धरलेला वायू थराच्या जाडीसमोर मांडणाऱ्या टी-प्लॉटनुसार त्यातले ०.४० हे २ नॅनोमीटरपेक्षा अरुंद, म्हणजे सूक्ष्म छिद्रांत आहे आणि त्या छिद्रांबाहेरचे क्षेत्रफळ सुमारे ८० चौ.मी./ग्रॅम आहे.

२ ते ५० नॅनोमीटरच्या छिद्रांसाठी बीजेएच पद्धत वापरली. छिद्र जितके अरुंद, तितक्या कमी दाबाला त्यात वायूचा द्रव होतो, या केल्विनच्या संबंधावर ती उभी आहे. दाब उतरवतानाच्या आलेखात ३.८ नॅनोमीटरला टोकदार शिखर दिसते. ते खरे छिद्र नाही. सापेक्ष दाब ०.४२ ते ०.४५ च्या आसपास आत अडकलेला द्रव ताण न सोसून एकदम फुटतो, त्याची ही खूण आहे. दाब चढवतानाच्या आलेखात ते शिखर नाही, म्हणून वितरण त्याच बाजूने दिले आहे. १० नॅनोमीटरखाली बीजेएच छिद्रे खऱ्यापेक्षा लहान दाखवते, हेही वाचताना ध्यानात ठेवावे.

सूक्ष्म छिद्रांना केल्विनचा संबंध लागूच पडत नाही. तिथे फटीच्या आकाराचे कार्बन गृहीत धरणारे डीएफटी प्रारूप वापरले; शिखर ०.८ नॅनोमीटरजवळ आहे. कार्बनवरच्या ऑक्सिजनयुक्त गटांपाशी नायट्रोजनचा रेणू विशिष्ट दिशेने बसतो, त्यामुळे या टोकाचे मोजमाप थोडे सरकू शकते. आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०१५ मध्ये सूक्ष्म छिद्रांसाठी ८७ केल्विनला आर्गॉन सुचवला तो याच कारणाने.

क्लोरीनसारख्या लहान रेणूंसाठी हा कार्बन चांगला आहे. रंगद्रव्यांचे मोठे रेणू मात्र ०.८ नॅनोमीटरच्या फटीत शिरणार नाहीत. त्यांच्या वाट्याला मुख्यतः ते ८० चौ.मी. येतील. तो उपयोग असेल तर मेथिलीन ब्लू या रंगद्रव्याची चाचणी वेगळी करून घ्यावी.