दहा रात्री, दहा आकडे

दिवस १
पाळीचा दुसरा दिवस. बीजं वाढवायची इंजेक्शनं आजपासून. सकाळच्या सोनोग्राफीत उजव्या अंडाशयात सात बारीक फॉलिकल, म्हणजे बीजांच्या पिशव्या, डाव्यात दोन. डावीकडची गाठ काढली तेव्हापासून ती बाजू अशीच कोरडी.
रात्री आठला इंजेक्शनच्या पेनवर २२५ चा आकडा फिरवला. बेंबीपासून दोन बोटं सोडून कातडी चिमटीत धरली आणि वीस मिनिटं तशीच बसून राहिले. अमोल म्हणाला, "मी देऊ का?" नको म्हटलं. माझ्या हाताने मला काहीतरी करायचं होतं. टोचली तेव्हा मुंगी चावल्याएवढंच. बटण दाबून दहा आकडे मोजले, मग सुई काढली.

दिवस २
आज दुसऱ्या बाजूला. पाच मिनिटांत उरकलं.

दिवस ३
डोकं जड. आठच्या आत घरी पोचायचं म्हणून मीटिंग अर्ध्यात सोडली, पाहुणे येणार असं सांगून. खोटं बोलल्याची टोचणी रात्रभर राहिली.

दिवस ५
काल लिहिलं नाही, झोपले लवकर. आज रक्त दिलं, सोनोग्राफी झाली. उजवीकडे सहा वाढताहेत, मोठा ११ मिमी. डावीकडे एक ८ चा, दुसरा हललाच नाही. डोस तोच ठेवलाय.

दिवस ६
सकाळचं दुसरं इंजेक्शन सुरू झालं, बीजं वेळेआधी सुटू नयेत म्हणून. पावडरीत पाणी सोडायचं, बाटली हलवायची नाही, हळूच गोल फिरवायची. टोचल्यावर लालबुंद गांधी उठली, खाजही. घाबरून नर्सताईंना फोन केला. "तासाभरात बसेल," म्हणाल्या. बसली.

दिवस ७
आंघोळ करताना पोटावरचे निळे डाग मोजले आणि रडू आलं. अमोल दाराबाहेर उभा होता, काही बोलला नाही. ते बरं केलं.

दिवस ८
डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. उजवीकडचे पाच १४ च्या पुढे. मग डावीकडे सरकून म्हणाल्या, "हा बघा, मागून निघालाय, पण येतोय." १२ मिमी! घरी येईपर्यंत तेवढंच डोक्यात. आता धावणं, उड्या, जड उचलणं बंद. वाढलेल्या अंडाशयाला पीळ पडू शकतो.

दिवस ९
पोट टम्म. खाली बसताना दोन्हीकडे दडपण. पाणी भरपूर पितेय, सकाळी वजन करतेय. एकदम वाढलं तर लगेच कळवायचंय.

दिवस १०
तीन १८ चे, दोन १७ चे, एक १५ चा. डावा १६. आज रात्री बरोबर दहाला ट्रिगर, बीजं पिकवायचं शेवटचं इंजेक्शन. परवा सकाळी नऊला एग पिकअप. मधले ३५ तास चुकायचे नाहीत. नर्सताईंनी वेळ माझ्याकडून तीनदा वदवून घेतली. प्रत्येक फॉलिकलमधून बीज मिळतंच असं नाही, हेही सांगितलं.
तीन गजर लावले. दहाला मीच टोचलं. या वेळी अमोल सोबत मोजत होता, आठापाशी त्याचा आवाज कापला. फ्रिजमधला डबा रिकामा झाला, तो मी धुऊन पालथा घातला.