मीटिंगमध्ये कॅप्शन आणि बसण्याच्या जागेतल्या बदलाबाबत विनंती

पुणे, १२ ऑगस्ट २०२५

माननीय देसाई मॅडम,

मला दोन्ही कानांना कमी ऐकू येतं आणि मी श्रवणयंत्रं वापरते, हे तुम्हाला ठाऊक आहे. यूडीआयडी कार्ड आणि ऑडिओग्रामची प्रत जॉइनिंगच्या वेळीच एचआरकडे दिली होती. दोन गोष्टींसाठी हे पत्र लिहिते आहे.

पहिली गोष्ट मीटिंगची. सोमवारच्या आढाव्याला आपण टेबलाच्या मधोमध एकच स्पीकरफोन ठेवतो. चेन्नईची टीम त्यावरून बोलते आणि इकडे दोघंतिघं एकदम बोलायला लागतात. समोरच्याच्या ओठांवरून मी बरंच जुळवते, पण फोनला ओठ नसतात! 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' मला जवळजवळ सारखंच ऐकू येतं. आपलं काम इनव्हॉइसचं, त्यामुळे प्रत्येक आकडा मी नंतर शेजारच्यांना विचारून घेते. त्यात त्यांचाही वेळ जातो.

टीम्समध्ये Show live captions हा पर्याय असतो, पण माझ्या खात्यावर तो दिसत नाही. आयटीने सांगितलं की कंपनीच्या पॉलिसीत तो बंद आहे आणि सुरू करायला तुमचा मेल लागेल. तेवढा मेल कृपया करावा. मीटिंग रूममध्येही मी लॅपटॉपवरून जॉइन होईन. चेन्नईशी आपण इंग्रजीतच बोलतो, तेव्हा कॅप्शन बऱ्यापैकी नीट येतील. मराठी-इंग्रजीची मिसळ झाली की कॅप्शनचाही गोंधळ उडतो, म्हणून ठरलेल्या तारखा आणि रकमा कुणीतरी चॅटमध्ये टाकल्या तर बरं होईल. एका वेळी एकानेच बोलावं, एवढं तुम्ही सुरुवातीला सांगितलंत तरी खूप फरक पडेल.

दुसरी गोष्ट जागेची. माझं टेबल पँट्रीच्या दाराला लागून आहे. कॉफी मशीन बिया दळायला लागलं की श्रवणयंत्र तो आवाजही मोठा करून देतं आणि फोनवरचा माणूस त्यात बुडून जातो. संध्याकाळपर्यंत डोकं भणभणतं. रेकॉर्ड रूमच्या बाजूचं कोपऱ्यातलं टेबल गेल्या महिन्यापासून रिकामं आहे. तिथे पाठीमागे भिंत येते. माझ्या यंत्राचे माइक समोरचा आवाज जास्त टिपतात, शिवाय कुणी येत असेल तर मला दिसेल. आत्ता मागून हाक मारली की मी ओ देत नाही आणि लोकांना ते उद्धटपणाचं वाटतं. टेबल बदलायला फक्त एक एक्स्टेंशन बोर्ड लागेल.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अशा वाजवी सोयींची तरतूद आहे. एचआरला संदर्भ लागला तर असावा, म्हणून नोंदवते. आपलं हे बोलून सहज जमेल असं मला वाटतं.

गुरुवारी दुपारी दहा मिनिटं भेटता येईल का? शक्यतो तुमच्या केबिनमध्ये, दार लावून. वेळ कृपया मेलवर कळवावी, फोन नको.

आपली,
मृणाल
अकाउंट्स पेएबल विभाग