‘दिवो धर’ : लघुपटासाठी लोकवर्गणीची योजना

आपल्या सहा जणांसाठी आणि ज्या साठ जणांना आपण सगळ्यांत आधी विचारणार आहोत त्यांच्यासाठी.

काय करतोय

साडेसहा मिनिटांचा, मालवणी बोलीतला अ‍ॅनिमेशनपट. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. पडद्यामागे दिवा आणि पडद्यावर रामायणातल्या सावल्या. आपल्या गोष्टीतली दहा वर्षांची नात आजोबांच्या खेळात दिवा धरते. तिने आयुष्यात खेळ समोरून पाहिलेलाच नाही. तिला माहीत आहेत त्या बाहुल्यांच्या काड्या, आजोबांची घामेजलेली पाठ आणि तेलाचा वास. एका रात्री ती दिवा खुंटीला अडकवते आणि हळूच प्रेक्षकांत जाऊन बसते. रावण पहिल्यांदा तिच्यासमोर उभा राहतो. तेवढ्यात वाऱ्याने ज्योत थरथरते, सावल्या फाटायला लागतात, आणि हे का होतंय ते अख्ख्या गर्दीत तिला एकटीलाच कळतं.

चित्रपटाची रीतही खेळासारखीच ठेवायची. कागदाच्या कापलेल्या बाहुल्या, खालून उजेड सोडलेलं काचेचं टेबल, वर कॅमेरा. बाहुली केसभर सरकवायची, फोटो घ्यायचा, पुन्हा सरकवायची. सेकंदाला 12 फोटो, म्हणजे 390 सेकंदांना 4,680. चाचणीत दिवसाला पाच सेकंद झाले, त्या हिशेबाने 78 दिवस. संगणकावर हे लवकर झालं असतं हे खरं. पण तेल लावलेल्या कागदातून येणारा उजेड आणि सांध्याच्या दोऱ्याची गाठ मला पडद्यावर दिसायलाच हवी आहे. यावर मी हटून बसलो आहे आणि तुम्ही ते मान्य केलंत, म्हणून पुढचा सगळा हिशेब याच रीतीचा आहे.

किती पैसे, आणि का इतकेच

उद्दिष्ट 7,25,000 रुपये. त्यातला चित्रपटाचा खर्च 5,65,000. दोन अ‍ॅनिमेटरना तीन महिने, दरमहा प्रत्येकी 30,000 प्रमाणे 1,80,000. बाहुल्या रेखून कापणाऱ्या पिंगुळीच्या काकांना आणि त्यांच्या सुनेला 75,000. वादक, गायक आणि ध्वनिमुद्रण 70,000. टेबल, काच, दिवे आणि लेन्सचं भाडं 60,000. ध्वनिमिश्रण आणि रंगदुरुस्ती 55,000. कुडाळातली खोली आणि जेवण 45,000. महोत्सवांची प्रवेश फी 30,000. अडीअडचणीला 50,000.

उरलेल्या 1,60,000 कडे नीट बघा, कारण मोहिमा इथेच फसतात. भेटवस्तू बनवून पोचवायला 87,500 बाजूला काढले आहेत आणि संकेतस्थळाचं कमिशन, पेमेंटचे आकार व त्यावरचा जीएसटी मिळून एकूण रकमेच्या दहा टक्के, म्हणजे 72,500 धरले आहेत. हे दोन्ही आकडे विसरून साडेपाच लाखांचं उद्दिष्ट लावलं असतं, तर मोहीम यशस्वी होऊनही चित्रपट अडला असता.

संकेतस्थळावर ‘उद्दिष्ट गाठलं तरच पैसे’ हा पर्याय घ्यायचा. नाही गाठलं तर प्रत्येकाचे पैसे परत जातील. अर्ध्या पैशात अर्धा चित्रपट होत नाही, आणि लोकांचे दोन लाख हातात धरून गप्प बसणं मला जमणार नाही.

काकांशी लेखी करार मोहिमेच्या आधीच करायचा. बाहुल्यांच्या आकृत्यांवर हक्क त्यांचा, श्रेयनामावलीत त्यांचं नाव माझ्या आधी, आणि पुढे चित्रपटाने काही कमावलं तर त्यातले 20 टक्के त्यांचे. पिंगुळीच्याच परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली, ती गोष्ट सगळ्या सिंधुदुर्गाच्या अभिमानाची आहे. पण ते आपल्या चित्रपटाशी जोडलेले नाहीत, तेव्हा त्यांचं नाव किंवा फोटो आपल्या जाहिरातीत कुठेही वापरायचा नाही.

वर्गणीचे टप्पे

300 रुपये : ‘पणती’. चित्रपट तयार झाल्यावर घरबसल्या बघण्यासाठी खासगी दुवा आणि दर रविवारचं आपलं पत्र. अपेक्षा 150 जणांची.

800 रुपये : ‘समई’. वरचं सगळं, श्रेयनामावलीत नाव, आणि चित्रपटातल्या पाच चौकटींची पोस्टकार्डं. टपालासह खर्च 110. अपेक्षा 200.

2,000 रुपये : ‘पडदा’. माझा सगळ्यांत जास्त भरवसा या टप्प्यावर आहे. वरच्या सगळ्यासोबत घरी खेळ करायचा संच : जाड कागदावर छापलेल्या तीन बाहुल्या, बांबूच्या काड्या, सांध्यांसाठी दोरा, पडद्याचं कापड आणि मालवणी संवादांची चिठ्ठी. मुलांनी कापायचं, मोठ्यांनी दिवा धरायचा. खर्च 170. अपेक्षा 120, म्हणजे एकट्या या टप्प्यातून 2,40,000. संचातल्या आकृत्याही काकांच्याच, त्यामुळे त्यांच्या नावाशिवाय संच बाहेर पडणार नाही.

5,000 रुपये : ‘बाहुली’. चित्रीकरणात प्रत्यक्ष वापरलेली एक बाहुली, चौकटीत बसवून, मागे ती कोणत्या प्रसंगातली ते काकांच्या अक्षरात. फक्त 25. नातीच्या बाहुल्या यात नाहीत, त्या काकांच्या घरी परत जातील. चौकट आणि कुरिअर 600.

15,000 रुपये : ‘टेबल’. कुडाळला येऊन एक दिवस आपल्यासोबत काम. संध्याकाळी जे काही सेकंद तयार होतील ते चित्रपटात राहतील. फक्त पाच जण, दुपारचं जेवण आपल्याकडे, प्रवास त्यांचा. प्रत्येकी 1,000 खर्च.

40,000 रुपये : ‘खेळ’. सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरीतल्या तुमच्या गावात वा शाळेत काकांच्या मंडळाचा खरा खेळ, आणि त्यानंतर आपला चित्रपट. मंडळाचं मानधन आणि गाडी धरून खर्च 12,000. दोनच.

सगळं जमलं तर 502 जण आणि बरोबर 7,25,000. भेटवस्तूंचा खर्च 86,400, म्हणजे बाजूला काढलेल्या रकमेत बसतो. टी-शर्ट आणि कॉफीचे मग आपण मुद्दाम ठेवले नाहीत. मापं, रंग, फुटणं, परत येणं यात दोन महिने जातात, आणि त्यांचा या गोष्टीशी काही संबंधही नाही. वस्तू फक्त भारतातल्या पत्त्यावर पाठवू. परदेशातल्या मित्रांनी इथल्या नातेवाइकांचा पत्ता द्यावा.

मोहिमेच्या पानावर हेही ठळक लिहायचं : ही गुंतवणूक नाही, नफ्यात वाटा नाही. आपण धर्मादाय संस्था नाही, त्यामुळे 80जीची करसवलतही मिळणार नाही.

व्हिडिओ : दोन मिनिटं

मोबाइलवरच काढू, पण कॉलरचा माइक भाड्याने आणायचा. चित्र थोडं हललेलं लोक चालवून घेतात, आवाज ऐकू आला नाही की बंद करतात. संगीताचा गोंगाट नको, फक्त हुडुक. खाली मराठी आणि इंग्रजी उपशीर्षकं.

*पहिले 14 सेकंद.* काळोख. काडी ओढल्याचा आवाज. ज्योत. पडद्यावर रावणाची सावली मोठी होत जाते आणि अचानक थरथरते. काकांचा आवाज : “गो, दिवो नीट धर. सावली हलता.”

*40 सेकंदांपर्यंत.* मी, काकांच्या पडवीत, कॅमेऱ्याकडे बघून : “मी कुडाळचा. लहानपणी हा खेळ मी नेहमी समोर बसून पाहिला. गेल्या वर्षी पहिल्यांदा पडद्यामागे गेलो. तिथे एक मुलगी दिवा धरून उभी होती. तिला विचारलं, खेळ कसा वाटतो? म्हणाली, माका काय म्हायत, मी खंय बघलंय!”

*1 मिनिट 5 सेकंदांपर्यंत.* काकांचे हात कागद कापताना, अगदी जवळून. त्यांचा आवाज : “ह्यो रावण माझ्या बापाशीन काढललो, तसोच मी काढतंय. हात माझो, रेघ त्येंची.” हे वाक्य ते बोलण्याच्या ओघात म्हणाले होते. पुन्हा बोलायला लावलं तर पाठ केल्यासारखं येईल, म्हणून माझ्या फोनवरचं मूळ मुद्रणच वापरायचं, मागे कोंबडा आरवतो तरीही.

*1 मिनिट 30 पर्यंत.* टेबल. बाहुली सरकते, फोटो, सरकते, फोटो. मग तयार झालेले पाच सेकंद पूर्ण चौकटीत. माझा आवाज : “हे पाच सेकंद म्हणजे आमचा एक दिवस. असे 78 दिवस आम्हाला हवे आहेत.”

*1 मिनिट 50 पर्यंत.* आपण सगळे जण टेबलाभोवती. माझा आवाज : “त्यासाठी 7,25,000 रुपये लागतील. 300 रुपयांपासून कोणीही सहभागी होऊ शकतं. 2,000 दिलेत तर हा खेळ तुमच्या घरी येईल. 19 डिसेंबरपर्यंत रक्कम पूर्ण झाली नाही, तर तुमचे पैसे तुम्हाला परत.”

*शेवटचे 10 सेकंद.* पडद्यामागची मुलगी, पाठमोरी. ती दिवा आपल्या बाजूला, म्हणजे बघणाऱ्याच्या दिशेने पुढे करते. काही बोलत नाही. नाव उमटतं.

तिच्या आईवडिलांची लेखी संमती घेतल्याशिवाय तिला चित्रित करायचं नाही. चेहरा दिसणार नाही हे त्यांना आधीच सांगितलं आहे. व्हिडिओचे 9,000 रुपये आपण सहा जण प्रत्येकी 1,500 काढून घालू, ते लोकांच्या वर्गणीतून नकोत.

कधी काय

मोहीम 10 नोव्हेंबर ते 19 डिसेंबर, चाळीस दिवस. दिवाळीचा खर्च सरलेला असतो आणि कोकणात जत्रा सुरू झालेल्या असतात. मुंबईचे चाकरमानी त्यासाठी गावी येतात, आणि हा खेळ ज्यांनी पाहिला आहे ते आपले पहिले लोक. जत्रांत छापील पत्रक, त्यावर क्यूआर कोड, आणि शक्य तिथे पेट्रोमॅक्सच्या उजेडात खेळाची पाच मिनिटांची झलक.

चित्रीकरण 5 जानेवारीपासून, आठवड्याला सहा दिवस. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते संपलंच पाहिजे. पाऊस लागला की कोकणात कागद ओल धरतो, बाहुल्या वाकतात आणि काचेवर सपाट बसत नाहीत. म्हणून मोहीम पुढे ढकलता येणार नाही. ती हुकली तर चित्रपट वर्षभर मागे पडतो. एप्रिल-मेमध्ये ध्वनी, जूनच्या मध्यावर चित्रपट तयार, संच आणि पोस्टकार्डं जूनअखेर, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. चौकटीतल्या बाहुल्या मात्र पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरमध्ये. हे पानावर आधीच लिहायचं, मागून सांगायचं नाही.

पहिले तीन दिवस महत्त्वाचे. रिकामं पान बघून अनोळखी माणूस पैसे देत नाही. आपल्या फोनमधून काढलेल्या 640 नावांतल्या साठ जणांना त्याआधीच प्रत्यक्ष फोन करायचा, गटात संदेश टाकून भागणार नाही. ज्याच्या ओळखीतलं नाव, त्यानेच फोन करायचा. पहिल्या तीन दिवसांत दीड लाख जमले नाहीत, तर चौथ्या दिवशी संध्याकाळी आपण भेटतो आणि उरलेली नावं वाटून घेतो.

उद्दिष्टापेक्षा जास्त जमलं तर पुढचे 1,50,000 फक्त एकाच गोष्टीसाठी : सिंधुदुर्गातल्या शाळांत काकांच्या मंडळाचे फुकट खेळ. चित्रपट लांबवायचा नाही.

रविवारी सकाळी नऊ वाजता पिंगुळीत काकांच्या घरी. करार वाचून दाखवायचा आहे, त्यांच्या सुनेलाही बोलावलं आहे. ज्याच्याकडे काळं जाड कापड असेल त्याने आणावं, दुपारी पडवीची खिडकी झाकून व्हिडिओचे पहिले चौदा सेकंद त्याच दिवशी काढून घेऊ.