सपाट जमीन, हिंगुळी आकाश: रागमालेचे प्रॉम्प्ट

एका मैफलीच्या निमंत्रणपत्रिकांसाठी सहा रागांची सहा चित्रं हवी होती, जुन्या रागमालेसारखी, म्हणजे एकेका रागाला एकेक प्रसंग देणाऱ्या लघुचित्रांच्या मालिकेसारखी. पहिल्या दिवशी मी चित्र बनवणाऱ्या टूलला एवढंच सांगितलं: ‘भारतीय लघुचित्र, नायिका, बाग’. आलं ते कॅलेंडरवरचं चित्र. टपोऱ्या डोळ्यांची मुलगी, मागे धूसर झाडी, गालावर मावळतीचा उजेड आणि चौकटीला सोनेरी वेलबुट्टीचा नुसता गिलावा. लघुचित्रातलं काही म्हणजे काही नव्हतं.

मग सगळं शब्दांत मांडायला बसले. खाली तेच आहे, हवं तर जसंच्या तसं उचला. पहिला मजकूर पायाचा. तो प्रत्येक प्रॉम्प्टच्या आधी जोडायचा.

पाया

> कागदावर अपारदर्शक जलरंगात रंगवलेलं दरबारी लघुचित्र, उभं, रुंदी आणि उंची ३:४. दृश्य समोरून, सपाट. लांबची आणि जवळची माणसं एकाच मापाची. लांबचं ते कागदावर वर, जवळचं ते खाली. गालिचा थेट वरून पाहिल्यासारखा, चारी कडा सरळ. त्यावर बसलेली माणसं मात्र बाजूने. इमारतीची दर्शनी भिंत समोर, छत्र्या आणि कमानी एकाच पातळीवर चिकटवल्यासारख्या. चेहरे पूर्ण बाजूने, डोळा मात्र समोरून दिसतो तसा अख्खा. उजेड सगळीकडे सारखा. प्रत्येक वस्तूला तिचा एकच रंग आणि भोवती केसाएवढी बारीक, न तुटलेली रेघ. झाडाचं पान न् पान सुटं. पृष्ठभाग अंड्याच्या कवचासारखा गुळगुळीत, कुंचल्याचा फटकारा कुठेही दिसत नाही.

> रंग खनिजांचे, दाट आणि झाकणारे: हिंगुळाचा लाल, नारिंगीकडे झुकलेला, हरताळाचा पिवळा, लिंबाच्या सालीसारखा, लाजवर्दाचा निळा, खोल आणि किंचित जांभळट, मॅलाकाइटचा हिरवा, थंड, गेरूचा तांबूस, काजळीचा काळा, सफेद्याचा दुधी पांढरा. सोनं सपाट आणि मऊ, कोरलेल्या रेघांपुरतं.

‘अंड्याचं कवच’ उगाच घातलेलं नाही. ही चित्रं वसलीवर, म्हणजे कागदावर कागद चिकटवून केलेल्या जाड पुठ्ठ्यावर रंगवत. रंगांचे थर बसले की चित्र पालथं घालून मागून अकीकाच्या दगडाने घोटत. त्यामुळे रंग कागदात दबून बसतो आणि वरून मंद तकाकी येते. ‘हाताने रंगवलेलं’ असं लिहिलंत की टूल तैलरंगासारखे जाड फराटे मारतं. ते शब्द टाळा.

सोन्याचंही तेच. ‘सोनेरी’ म्हटलं की दिवाळीची चमकी पडते. ‘रेघांपुरतं’ हा शब्द आल्यावरच ती थांबली. आणि हिंगूळ किंवा लाजवर्द म्हणजे काय हे टूलला कळेलच असं नाही, म्हणून प्रत्येक रंगापुढे तो कसा दिसतो तेही लिहिलंय.

तोडी, दख्खन

> विजापूरच्या आदिलशाही दरबारातली शैली, सोळाव्या शतकाची अखेर. उंच, सडपातळ नायिका उभी, खांद्यावर रुद्रवीणा, दोन्ही टोकांना भोपळे. लांब वेणी, अंगावर जांभळट लुगडं, पदराच्या टोकाला सोन्याची बारीक रेघ. तिच्याभोवती तीन हरणं, माना वर केलेली, एकाचं तोंड वीणेच्या भोपळ्याला लागेल इतकं जवळ. मागे फिकट गुलाबी आणि मोरपंखी रंगाचे खडक, प्रवाळासारखे गोलाकार, एकावर एक. जमीन गडद हिरवी, तीवर मापात न बसणारी मोठाली फुलझाडं, काही नायिकेच्या कमरेएवढी. वर सोन्याच्या आकाशाची अरुंद पट्टी.

फुलझाडं ‘मापात न बसणारी’ हवीतच. दख्खनी चित्राची निम्मी जादू तिथेच आहे. तो शब्द काढला की टूल शहाणपणा करून झाडं लहान करतं आणि चित्र उत्तरेकडच्या एखाद्या बागेचं वाटायला लागतं.

मेघ, मेवाड

> मेवाडची शैली, १६२८च्या सुमाराची. पार्श्वभूमीचे तीन सपाट तुकडे: खाली हिरवा, मधे हिंगुळी लाल, वर काळपट निळा. निळ्या पट्टीत ढगांची नागमोडी पांढरी कड आणि सोन्याची सापासारखी वीज. पाऊस म्हणजे सरळ, समांतर, पांढऱ्या ठिपक्यांच्या माळा. मधोमध निळा कृष्ण नाचतोय, एक पाय उचललेला, पिवळं धोतर, मोरपिसांचा मुकुट. दोन्ही बाजूंना एकेक स्त्री, एकीकडे मृदंग, दुसरीकडे टाळ. कुणाचेही कपडे भिजलेले नाहीत. तळाशी पाण्याची पट्टी, टोपलीच्या विणीसारख्या पांढऱ्या रेघांची, तीत कमळं आणि बदकं. चित्राच्या माथ्यावर कोरी पिवळी पट्टी, भोवती साधी लाल चौकट.

पिवळी पट्टी कोरी मागितलीय, कारण मूळ चित्रांत तिथे रागाचा श्लोक किंवा दोहा असतो आणि टूल तिथे देवनागरीसारखं दिसणारं काहीतरी गिचमिड करून ठेवतं. अक्षरं नंतर आपण घालायची. मी मागवलेल्या पहिल्या पाच चित्रांत कृष्णाचं पितांबर ओलं होऊन अंगाला चिकटलेलं होतं, म्हणून ते ‘भिजलेले नाहीत’ लिहावं लागलं. उदयपूरकडचा चित्रकार साहिबदीन असा पाऊस ठिपक्यांनी पाडतो आणि कोरडा राहतो.

आसावरी, बसोहली

> बसोहलीची पहाडी शैली, १७००च्या आगेमागे. मोहरीसारख्या पिवळ्या, पूर्ण सपाट पार्श्वभूमीवर एकच खडक आणि एकच चंदनाचं झाड. खडकावर सावळी नायिका, मोरपिसांचा घागरा. कपाळ मागे उतरतं, नाक सरळ, डोळा कमळाच्या पाकळीएवढा लांब, कानापर्यंत पोचणारा. झाडावरून साप उतरतायत, एक तिच्या हातावर. मोत्यांच्या माळा म्हणजे पृष्ठभागावर उठून आलेले पांढऱ्या रंगाचे थेंब. दागिन्यांतले पाचू चमकदार हिरवे, भुंगेऱ्याच्या पंखाच्या तुकड्यांचे, ठरावीक कोनातच चमकणारे. रुंद, सपाट लाल चौकट, तिच्यावर काहीही नक्षी नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, नक्षीदार चौकट कुठे गेली? बसोहलीला ती नाहीच. तिथे लाल पट्टी हीच चौकट, आणि पिवळ्याला ती जे बळ देते ते कुठल्याही वेलबुट्टीला जमणार नाही. भुंगेऱ्याच्या पंखांचे तुकडे हे चित्रकार खरंच चिकटवत. ते पाहिल्यावर मला कळलं की ‘पाचू’ एवढाच शब्द टाकून भागणार नाही.

भैरवी, बुंदी

> बुंदीची शैली, सतरावं शतक. कमळांनी भरलेल्या तळ्याच्या काठी पांढऱ्या संगमरवराची देवळी, आत शिवलिंग. समोर नायिका टाळ वाजवतेय, मागे दासी फुलांचं तबक घेऊन. गोल चेहरे, तांबूस वर्ण. देवळामागे केळी, आंबा, ताड यांची घट्ट हिरवी भिंत, प्रत्येक झाडाची पानं वेगळ्या आकाराची, काळपट हिरव्यावर फिकट हिरवी. आकाशात उगवतीची केशरी पट्टी. भोवती शेंदरी चौकट.

फारसं सांगण्यासारखं नाही. हे पहिल्याच फटक्यात आलं.

दीपक, माळवा

हा मी तीनदा लिहिला आणि फेकून दिला. दीपक म्हणजे दिवा. दिवा म्हटला की टूल उजेडाचं गोल वलय काढतं, चेहऱ्याची एक बाजू तांबूस करतं, दुसरी अंधारात बुडवतं. झालं, लघुचित्र संपलं. या चित्रांत रात्र असते पण अंधार नसतो. आकाश काळं असतं, त्यावर चांदण्यांचे ठिपके असतात. खाली माणसं भर दुपारी दिसतील तशी लख्ख दिसतात. दिवा फक्त सांगायला असतो की रात्र आहे. शेवटी असं लिहिलं:

> माळव्याची शैली, सतरावं शतक. इमारतीचे सपाट खण, बाहुल्यांच्या घरासारखे: मधल्या खणात लाल भिंत, तिच्यापुढे पलंगावर नायक आणि नायिका. दोन्ही बाजूंना समया. ज्योत म्हणजे हिंगूळ आणि पिवळ्याचा छोटा, कडक कडेचा थेंब. तिचा उजेड भिंतीवर, चेहऱ्यावर, कपड्यांवर कुठेही पडत नाही. चेहरे, हात आणि कपडे दिवसासारख्या सारख्याच रंगात. छताच्या वर काजळी रंगाची सपाट पट्टी, तीवर पांढऱ्या ठिपक्यांच्या चांदण्या आणि पांढरी चंद्रकोर. तळाशी पानाफुलांची आडवी पट्टी.

‘उजेड पडत नाही’ एवढ्याने भागलं नव्हतं. ‘दिवसासारख्या सारख्याच रंगात’ जोडलं तेव्हा वलय गेलं. नाही म्हणण्यापेक्षा काय हवं ते सांगितलेलं टूलला जास्त समजतं, हा माझा अनुभव.

हिंदोल, कांगडा

> पहाडी शैली, झोपाळ्यावर कृष्ण आणि राधा, दोन्ही बाजूंना दोर ओढणाऱ्या सख्या. झोपाळा सरळ समोरून. मागे हिरव्या टेकड्यांचे एकावर एक सपाट पदर, माथ्यावर बारीक झाडांची रांग. लंबगोल दृश्य, चार कोपऱ्यांत गडद निळ्यावर सोन्याची वेल.

कांगड्याचं नाव लिहिलं की टेकड्या दूर जाऊन धुरकट होतात. त्यात टूलची चूक नाही, कांगडा मुळातच मऊ आहे, तिथे लांबच्या झाडांना लांबची झाडं म्हणून रंगवलेलं असतं. म्हणून मी प्रॉम्प्टमध्ये नुसतं ‘पहाडी’ ठेवलं आणि ‘सपाट पदर’ घातलं. संचातलं सगळ्यात कच्चं चित्र हेच, पण आयोजकांना तेच सगळ्यात आवडलं.

हाशिया, वेगळा

नक्षीची खरी हौस मुघल मुरक्क्यांत, म्हणजे चित्रं आणि सुलेखनाची पानं एकत्र बांधलेल्या अल्बमांत. जहांगीर आणि शाहजहानच्या काळात चित्र एकीकडे आणि त्याची कड, म्हणजे हाशिया, दुसरीकडे रंगवून मग जोडत. मीही तसंच केलं. चित्र आणि हाशिया एकाच प्रॉम्प्टमध्ये मागितले की वेल चित्रात शिरते, नायिकेच्या बांगड्यांवर चढते. पत्रिकेच्या मुखपृष्ठासाठी हा स्वतंत्र:

> मुघल मुरक्क्याच्या पानाचा फक्त हाशिया, मधला उभा आयत पूर्ण कोरा, दुधी रंगाचा. आयताला लागून तीन बारीक पट्ट्या: आतली लाल, मधली लाजवर्दी निळी तीवर सोन्याच्या छोट्या पाकळ्या, बाहेरची हिरवी. त्याबाहेर फिकट बदामी कागद. त्यावर सुटी फुलझाडं, प्रत्येक मुळापासून शेंड्यापर्यंत वेगळं उभं: खसखस, नरगिस, आयरिस, कमळ. दोन झाडांमधे मोकळी जागा. पाकळ्यांत फिकट रंग, कडा सोन्याच्या रेघेने. खालचा आणि उजवा हाशिया रुंद, वरचा आणि डावा अरुंद.

शेवटची ओळ विसरू नका. मुरक्क्याच्या पानाची कड चारही बाजूंना सारखी नसते, बांधणीकडची बाजू अरुंद असते. चारही बाजू सारख्या आल्या की पान लग्नाच्या पत्रिकेसारखं दिसतं.