डिस्लेक्सियामुळे परीक्षेत जादा वेळ व सवलती मिळण्याबाबत अर्ज

दिनांक : १० नोव्हेंबर २०२५

प्रति,
माननीय परीक्षा समन्वयक,
परीक्षा विभाग, पदवी महाविद्यालय,
ता. खानापूर, जि. बेळगाव

विषय : तिसऱ्या सत्राच्या परीक्षेत जादा वेळ, प्रश्नपत्रिका वाचून दाखवणारी व्यक्ती व स्वतंत्र खोली मिळण्याबाबत.

आदरणीय महोदय,

मी बी. कॉम.च्या तिसऱ्या सत्रात शिकते. मला डिस्लेक्सिया आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणी होऊन विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र मला मिळाले आहे, आणि त्याची प्रत सोबत जोडली आहे. पहिल्या दोन सत्रांत मी हे कार्यालयाला कळवले नाही, कारण सवलत मागितली तर अभ्यास टाळते असा समज होईल अशी मला भीती वाटत होती. ती माझी चूक झाली, म्हणून या वेळी वेळापत्रक लागण्याआधीच अर्ज करीत आहे.

माझी अडचण नेमकी काय आहे ते सांगते. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले, सोबत कन्नड आणि इंग्रजी होतेच, त्यामुळे आपल्या सीमाभागातील इतर मुलांप्रमाणे मलाही लहानपणीच तीन लिप्या शिकाव्या लागल्या. 'घ' आणि 'ध', कन्नडमधील प आणि व, इंग्रजीतील बी आणि डी यांतला फरक मला समजतो, परंतु वाचताना तो दर वेळी थांबून नव्याने ठरवावा लागतो. वर्गात सरांनी समजावलेले माझ्या चांगले लक्षात राहते. तोच प्रश्न इंग्रजीत छापून समोर आला की तो दोन-तीनदा वाचल्याशिवाय त्यात काय विचारले आहे हे कळत नाही.

अंकांच्या बाबतीत हे जास्त जाणवते. मागील सत्रात लेखाशास्त्राच्या पेपरमध्ये खतावणीतून रक्कम उतरवताना ३,४६० ऐवजी मी ३,६४० लिहिले आणि ट्रायल बॅलन्समध्ये १८० रुपयांचा फरक आला. फरकाला ९ ने भाग जात असेल तर दोन अंकांची अदलाबदल झालेली असू शकते, हे आम्हाला शिकवलेले आहे आणि मला ते त्या क्षणी आठवलेही होते. मात्र ती रक्कम शोधण्यापूर्वीच घंटा झाली आणि पुढचे दोन प्रश्न मला येत असूनही कोरे राहिले. यात पर्यवेक्षकांचा काहीही दोष नव्हता, कारण माझ्या अडचणीची त्यांना कल्पनाच नव्हती. घरी सराव करताना अशी चूक मी शोधून दुरुस्त करते, आणि त्यासाठी लागणारा वेळ हीच माझी मुख्य मागणी आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश असून त्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेसाठी जादा वेळ व लेखनिकाची तरतूद आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर तासाला किमान २० मिनिटे भरपाई वेळ देता येतो. त्यानुसार तीन तासांच्या पेपरला मला एक तास जादा मिळावा, आणि एक तासाच्या अंतर्गत चाचणीलाही २० मिनिटे मिळावीत, ही विनंती.

मला लेखनिक नको आहे. खात्यांचे रकाने मी स्वतः आखते आणि जमा-नावे मांडतानाच माझा विचार पुढे सरकतो, ते दुसऱ्याला सांगून लिहवून घेणे मला जमणार नाही. प्रश्नपत्रिका मात्र मोठ्याने वाचून दाखवणारी व्यक्ती हवी, आणि ती कला शाखेची असावी, म्हणजे उत्तरात मदत झाल्याची शंका कोणालाही राहणार नाही. वाचनाचा आवाज इतरांना त्रासदायक होऊ नये म्हणून स्वतंत्र खोली द्यावी. सिद्धांताच्या उत्तरांत आशय बरोबर असेल तर स्पेलिंगच्या चुकांसाठी गुण कापू नयेत, अशीही विनंती आहे. भाषा विषयांना ही सूट मी मागत नाही.

दुपारच्या सत्रातील पेपर जादा वेळेमुळे सहा वाजता संपला तर जांबोटीकडे जाणारी माझी नेहमीची बस चुकेल. त्या दिवशी वडील मला घ्यायला येणार आहेत, त्यामुळे माझ्या परतीच्या अडचणीसाठी वेळ कमी करू नये.

या सवलतींना विद्यापीठाची मंजुरी लागत असेल, तर महाविद्यालयाच्या शिफारशीसह माझा अर्ज लवकर पाठवावा आणि निर्णय मला लेखी कळवावा. त्याची प्रत परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षकांना दाखवता येईल आणि पेपर सुरू होताना समजावून सांगण्यात वेळ जाणार नाही. मूळ प्रमाणपत्र पडताळणीसाठी आपण बोलवाल त्या दिवशी मी पालकांसह हजर राहीन.

आपली विद्यार्थिनी,
तन्वी पाटील
बी. कॉम., तिसरे सत्र, हजेरी क्रमांक ४७

सोबत : दिव्यांगत्व प्रमाणपत्राची प्रत, दिव्यांग ओळखपत्राची प्रत, वडिलांचे संमतिपत्र